बस क्रमांक सात, परतीची फेरी

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत मी अकरा वर्षं काढली. पालकांची पत्रं रोज यायची आणि मनातल्या मनात मी त्यांचे दोन ढीग करायचे. काहींना उत्तर द्यावंच लागायचं, आणि काहींवर ‘पालकांशी बोलले’ असा शेरा मारून ती फाइलला लावता यायची. रागाने लिहिलेली, मोठमोठ्या शब्दांची पत्रं पहिल्या ढिगात जात असतील असं कुणालाही वाटेल. जायची दुसऱ्याच. त्यांत नेमका कशाला हात घालायचा तेच सापडायचं नाही.

हे आठवायला कारण झालं आमच्या सोसायटीतल्या एका आईचं. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही शाळेची बस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अंतर पाच-सहा किलोमीटरचं, पण दुपारी एकला सुटलेलं पोर घरी येईपर्यंत दोन वाजतात. या बाईंचा मुलगा चौथीत. जुलैच्या एका संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि फोन पुढे केला. म्हणाल्या, “मॅडम, हे पालकांच्या ग्रुपवर टाकतेय. एकदा वाचता का?”

मजकुरात सातवीतल्या एका मुलाचं पूर्ण नाव होतं. पुढे ‘गुंड’, ‘संस्कार’, ‘शाळा झोपली आहे का’ आणि शेवटी ‘अशा मुलाला ताबडतोब शाळेतून काढून टाका’. झालं काय होतं, कधी झालं, बसमध्ये कुठे झालं, याबद्दल एक ओळही नव्हती.

मी त्यांना चहा दिला आणि तो मजकूर ग्रुपवर टाकू नका म्हटलं. ग्रुपवर दुसऱ्याच्या पोराचं नाव गेलं की दहा मिनिटांत विषय बदलतो. त्या मुलाची आईही तिथेच असते. तिच्या बाजूने चार जणी उभ्या राहतात, तुमच्या बाजूने चार, आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपुढे बसमधला त्रास येत नाही, पालकांचं भांडण येतं. भांडण मिटवणं सोपं असतं. दोघींना बोलावून पाणी द्यायचं आणि गोड बोलायचं. मी ते किती वेळा केलंय.

आधी कागदावर बस काढली

पत्राआधी मुलाकडून नीट कळायला हवं होतं. आईला माहीत होतं ते एवढंच : बुधवारी तो आला तेव्हा पँट समोरून ओली होती. विचारलं तर “बाटली सांडली.” पुढच्या आठवड्यात हनुवटीला लागलेलं. विचारलं तर “पडलो.” शाळेत पाण्याची बाटली भरलेली जायची ती भरलेलीच परत यायची. पाणी का पीत नाहीस म्हटलं की तो चिडायचा.

नऊ वर्षांच्या मुलाला “तुला कोण त्रास देतं?” असं विचारलं की तो “कुणी नाही” म्हणतो. नाव सांगणं म्हणजे चुगली, आणि चुगलीची किंमत त्याला उद्याच्या बसमध्ये मोजायची असते, आपल्याला नाही. त्याला तारीखही आठवत नाही. पण जागा आठवते. म्हणून आईने एका कोऱ्या कागदावर बस काढली. पुढे बसकाका, दाराशी मावशी, मग रांगा. “तू कुठे बसतोस? शेजारी कोण असतं? मागे कोण?” असं विचारत दोघांनी मिळून बस भरली. मुलगा हळूहळू बोलायला लागला. मागून दुसऱ्या रांगेवर त्याने पेन्सिलने तीन चौकोन काढले आणि ते इतके गिरवले की कागद फाटला.

दिवसही असेच सापडले. ओली पँट कधी? “पांढऱ्या ड्रेसच्या दिवशी.” म्हणजे पीटीचा बुधवार. दप्तर कधी नेलं? “चित्रकलेचं सामान होतं त्या दिवशी.” म्हणजे शुक्रवार. हनुवटीला लागलं त्या मंगळवारी डॉक्टरांकडे नेलं होतं, तो कागदच होता. वेळापत्रक शेजारी ठेवून आईने तीन तारखा लावल्या. मुलाला एकदाच, सलग सांगू दिलं आणि त्याचे शब्द त्याच रात्री जसेच्या तसे उतरवले. हे उतरवणं महत्त्वाचं असतं, कारण पोराला आजी विचारते, मग मामा विचारतो, आणि चौथ्यांदा सांगताना गोष्टीत कुणाकुणाचे शब्द शिरलेले असतात.

मग निघालं ते असं. सातवीतले तिघे, त्यांतला एक पुढारी. परतीच्या फेरीत ते याला मागे बोलावतात. न गेल्यास दप्तर उचलून नेतात. दप्तर हवं तर ‘दंड’ भरायचा, म्हणजे डब्यातला उरलेला खाऊ द्यायचा. एकदा पँटवर पाणी ओतून “शू केली, शू केली” असा गलका केला आणि अख्ख्या बसमध्ये त्याचं तेच नाव पडलं. तो शाळेत पाणी का पीत नव्हता ते इथे उलगडलं. खरंच लागली तर काय, ही भीती.

मस्ती आणि छळ

शाळेत अशा वेळी पहिला शब्द येतो तो ‘मस्ती’. मीही तो वापरलाय. मुलं मस्ती करतातच, आणि ती केली नाही तर काळजी वाटावी. मग फरक कसा ओळखायचा? नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी या विषयाचा पाया घातला. १९८२ च्या अखेरीस तिथे तीन मुलांनी आत्महत्या केल्या. वर्गातल्या मुलांचा छळ हे त्यामागचं कारण असावं असं पुढे आलं, आणि देशभरातल्या शाळांमध्ये मोहीम सुरू झाली. ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या : त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. तिसरी खूण मला सगळ्यात कामाची वाटते. चौथीतल्या दोघांनी एकमेकांची दप्तरं लपवली तर ती मस्ती. तिथे उद्या दुसऱ्याची पाळी असते. सातवीतल्या तिघांनी चौथीतल्या एकाचं दप्तर नेलं तर त्याची पाळी कधीच येत नाही.

म्हणून पत्रात ‘छळ’, ‘गुंडगिरी’, ‘बुलिंग’ हे शब्द असलेच पाहिजेत असं नाही. इयत्ता लिहा, किती जण होते ते लिहा, किती वेळा झालं ते लिहा. वाचणाऱ्याला शब्द आपोआप सुचतो.

आणि बसच का? वर्गात शिक्षक मुलांकडे तोंड करून उभे असतात. बसमध्ये मोठं माणूस म्हणजे बसकाका, आणि त्यांचं तोंड रस्त्याकडे. मावशी दाराशी, कारण चढता-उतरताना मूल पडू नये ही त्यांची पहिली चिंता. सीटची पाठ उंच, त्यामुळे पुढून पाहिलं तर मागच्या चार रांगांतली डोकी तेवढी दिसतात. त्यात पहिलीतलं आणि नववीतलं पोर एका डब्यात, रोज तेच, त्याच वेळी, आणि मध्येच उठून निघून जायची सोय नाही. मैदानावर मूल पळून तरी जातं.

“बस आमची नाही”

पत्र कुणाला लिहायचं यावर त्या बाईंचे यजमान अडले होते. त्यांचं म्हणणं, बस ठेकेदाराची आहे, शाळा हात वर करणार. हा अनुभव पुष्कळांचा आहे. पण महाराष्ट्रात २०११ मध्ये शाळेच्या बससाठी वेगळे नियम झाले आणि त्यांत प्रत्येक शाळेला परिवहन समिती नेमायला सांगितलं आहे. तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक. समितीत पालकांचा प्रतिनिधी असतो, पोलीस आणि आरटीओची माणसं असतात, बस चालवणाऱ्याचाही प्रतिनिधी असतो. बसमध्ये मदतनीस हवा आणि मुली असतील तर महिला मदतनीस हवी, हेही त्याच नियमांतलं. म्हणजे बस कुणाच्याही नावावर असो, तिच्यातली व्यवस्था हा मुख्याध्यापकांच्या टेबलावरचाच विषय आहे. पत्रात ‘शाळा परिवहन समिती’ हे तीन शब्द आले की “आमची नाही” म्हणणं अवघड होतं. निदान मला तरी अवघड गेलं असतं.

पालकांनी आपापसांत ठरवलेली खासगी व्हॅन असेल तर गोष्ट जरा वेगळी. तिथे व्हॅनकाकांशी थेट बोलावं लागतं. तरीही शाळेला लेखी कळवावं, कारण मुलं तिचीच असतात आणि दुसऱ्या मुलाशी बोलायचा अधिकार व्हॅनकाकांपेक्षा शाळेलाच जास्त.

दुसरी गाठ शेवटच्या मागणीची होती, ‘शाळेतून काढून टाका’. बाईंना ती सोडवत नव्हती. मी त्यांना सांगितलं की शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. सातवीतल्या मुलाबद्दल तुम्ही शाळेकडे तिला करताच येणार नाही अशी गोष्ट मागताय. मुख्याध्यापकांना ते पाठ असतं. ते नम्रपणे “हे आमच्या हातात नाही” असं लिहितील, आणि जे हातात आहे तेही त्याच वाक्यात बुडून जाईल. बस बंद करणं, जागा बदलणं, दुसऱ्या बसमध्ये हलवणं, त्याच्या पालकांना बोलावणं, समुपदेशकाकडे पाठवणं, हे सगळं शाळेच्या हातात असतं.

दोन दिवसांनी बाईंनी पत्र लिहून आणलं. त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा काढून, ते इथे देते.

*प्रति,*
*मा. मुख्याध्यापक*

*दिनांक : २४ जुलै*

*विषय : बस क्रमांक ७ मध्ये परतीच्या फेरीत माझ्या मुलाला होणाऱ्या त्रासाबाबत तक्रार व कार्यवाहीची विनंती.*

*महोदय,*

*माझा मुलगा इयत्ता चौथी, तुकडी ब मध्ये शिकतो व बस क्रमांक ७ ने ये-जा करतो. या महिन्याच्या सुरुवातीपासून परतीच्या फेरीत इयत्ता सातवीतील तीन विद्यार्थी त्याला वारंवार त्रास देत आहेत. त्यांची नावे आपल्या माहितीसाठी सोबतच्या बंद पाकिटात आहेत. तारखा लक्षात असलेले प्रसंग खाली देत आहे.*

*बुधवार, १६ जुलै : त्याच्या पँटवर बाटलीतले पाणी ओतून ‘शू केली’ असे ओरडण्यात आले. हे मुलाने सांगितले. तो घरी आला तेव्हा पँट समोरून ओली होती, हे मी पाहिले.*

*शुक्रवार, १८ जुलै : त्याचे दप्तर मागच्या सीटवर नेले व परत देण्यासाठी डब्यातील खाऊ ‘दंड’ म्हणून घेतला. हे मुलाने सांगितले.*

*मंगळवार, २२ जुलै : त्याला सीटवर बसू दिले नाही. बस चालू असताना तो उभा होता. ब्रेक लागल्यावर समोरच्या दांड्यावर त्याची हनुवटी आपटली. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले. फोटो व डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडली आहे.*

*तो शाळेत पाणी पिणे टाळतो. या महिन्यात पोटदुखी सांगून तो दोनदा घरी राहिला. त्याने एकदा बसमधील मावशींना सांगितले होते. त्यांनी ‘भांडू नका’ म्हणून त्याला जागेवर पाठवले. त्या दाराजवळ बसतात व तेथून मागच्या रांगा दिसत नसाव्यात, असे मला वाटते. मुलाने काढलेला बसमधील जागांचा नकाशा जोडला आहे.*

*माझी विनंती :*

*१. बस क्रमांक ७ मधील १४ ते २४ जुलै या काळातील परतीच्या फेरीचे सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्यापूर्वी आजच जतन करण्यास सांगावे व ते आपण पाहावे.*

*२. चौकशी पूर्ण होईपर्यंत, उद्यापासूनच, माझ्या मुलाला पुढील रांगेत व संबंधित विद्यार्थ्यांना त्याच्यापासून दूर बसवावे.*

*३. माझ्या मुलाशी व त्या विद्यार्थ्यांशी वेगवेगळे बोलावे. त्यांना समोरासमोर आणू नये.*

*४. मावशींची बसण्याची जागा व बसमधील ठरावीक आसनव्यवस्था हा विषय शाळा परिवहन समितीपुढे ठेवावा.*

*५. काय केले ते सात दिवसांत लेखी कळवावे.*

*मी कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्याची मागणी करीत नाही. माझ्या मुलाला बसमध्ये निर्धास्त बसता यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. भेटीसाठी आपण सांगाल त्या वेळी येईन.*

*आपली विश्वासू*

पत्राखाली जोडपत्रांची यादी होती.

प्रत्येक ओळीमागे काहीतरी आहे

बंद पाकिटाची युक्ती माझी. शाळेत आलेलं पत्र आधी कार्यालयात जातं. तिथे लिपिक ते आवक वहीत नोंदवतो, शिपाई आत नेतो, कधी ते दुपारपर्यंत उघडंच टेबलावर पडून राहतं. त्या वेळात एखाद्या शिक्षिकेने वाचलं आणि तिचा भाचा सातवीत असला तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. नावं मुख्याध्यापकांनाच कळावीत. ठेकेदाराला प्रत द्यायची वेळ आली तरी मग पत्र बिनधास्त देता येतं.

‘मी पाहिले’ आणि ‘मुलाने सांगितले’ हे वेगळं लिहिल्याने पत्र कमजोर होईल असं बाईंना वाटत होतं. माझा अनुभव उलटा. जी आई आपण काय पाहिलं नाही तेही सांगते, तिच्या पाहिलेल्यावर चटकन विश्वास बसतो.

चित्रणाची विनंती पहिली का? बसमधल्या कॅमेऱ्याची साठवण मर्यादित असते. ती भरली की यंत्र जुनं पुसून त्यावरच नवं टिपत जातं. किती दिवसांचं राहतं ते यंत्रावर अवलंबून. कुठे महिनाभराचं असतं, कुठे आठवड्याचंही नसतं. पालक महिनाभर विचार करतात, मग लिहितात, मग शाळा ठेकेदाराला विचारते, आणि “आता नाही मिळणार” असं उत्तर येतं. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. म्हणून ‘जतन करा’ हे पहिल्याच दिवशी लिहायचं. ‘मला दाखवा’ असा हट्ट मात्र त्यांनी धरला नाही, आणि ते बरं झालं. त्या चित्रणात आणखी पंचवीस जणांची मुलं असतात. त्यावरून वाद घालण्यात चार दिवस सहज जातात.

तिसरी विनंती माझ्या पापातून आलेली आहे. नोकरीतल्या दुसऱ्याच वर्षी असंच एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. मी दोन्ही मुलांना केबिनमध्ये बोलावलं, मोठ्याकडून ‘सॉरी’ म्हणवलं, हातात हात द्यायला लावले आणि दोघांना एकेक गोळीही दिली. मला वाटलं, छान झालं. धाकटा दुसऱ्या दिवसापासून बसने यायचाच बंद झाला. वडील स्कूटरवरून सोडायचे. कारण मला पुढच्या वर्षी कळलं : माझ्या केबिनमधून सुटल्यावर त्याच दुपारी बसमध्ये त्याच्याकडून वीस वेळा ‘सॉरी’ म्हणवून घेतलं होतं. दोघांचं भांडण असेल तर समोरासमोर बसवणं ठीक. बळ सारखं नसेल तर धाकट्याला आपण मोठ्याच्या हाती पुन्हा एकदा देतो.

एका गोष्टीवर मात्र मी त्यांना आधीच विचारून घेतलं होतं. अंगाला नको तिथे हात लावणं, कपडे काढायला लावणं, तसे फोटो काढणं, असं काही झालं आहे का? तसं असतं तर हे पत्र पुरेसं नव्हतं. तिथे पॉक्सो कायदा लागतो. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं. मुख्याध्यापकांनीही. शाळेच्या पातळीवर मिटवण्याची मुभा त्यांना नसते. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक अशा वेळी लगेच फिरवावा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण झालं आणि सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सुरक्षा समित्यांबद्दल नव्याने बजावलं. तेव्हापासून या बाबतीत शाळांची झोप बरीच उडाली आहे, हे मी मुख्याध्यापक मित्रमंडळींकडून ऐकते.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. दुसरीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. आपण ज्याला ‘पोच’ म्हणतो ती. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, “अहो, पोच कशाला? सर वाचतील की.” आईने हसून तिथेच उभं राहून पोच घेतली.

चित्रणात काय दिसलं

दुसऱ्याच दिवशी मुलाची जागा बदलली. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांनी भेटायला बोलावलं. कॅमेरा पुढच्या काचेवर होता आणि त्यात आवाज नव्हता. मंगळवारी मुलगा वाटेत उभा असल्याचं स्वच्छ दिसत होतं, सात-आठ मिनिटं. बुधवारी सीटच्या पाठीवरून एक हात बाटली घेऊन वर आलेला दिसत होता, पुढचं काही नाही. दप्तराचं काहीच नाही. तिन्ही प्रसंग चित्रणावर मिळतील अशी आशा धरून बसलेले पालक इथे खचतात. पण सरांना दुसरंच काहीतरी दिसलं होतं. पूर्ण फेरीत मावशींनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखी त्यांची जागाच नव्हती. सात-आठ मिनिटं उभं असलेलं पोर त्यांच्या पाठीमागे होतं.

साक्षीदारही मिळाली. नकाशात मुलाच्या पलीकडच्या सीटवर पाचवीतली एक मुलगी होती. सरांनी तिला वर्गशिक्षिकेमार्फत, एकटीला, सहज विचारलं आणि तिने न अडखळता सगळं सांगितलं. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कॅनडात शाळेच्या मैदानांवर कॅमेरे लावून संशोधकांनी अशा प्रसंगांचं निरीक्षण केलं होतं. हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग यांचा तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला मुलं होती. मध्ये पडणारी थोडीच, सुमारे पाचांत एका प्रसंगात. पण कुणी मध्ये पडलं की निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. बसमधली मुलं पाहत असतात. त्यांनी काय करावं हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मग शाळेने केलं ते अगदी साधं होतं. सीटवर क्रमांक चिकटवले. पहिली ते चौथी पुढे, मोठी मागे, आणि मावशींची जागा दारापासून उचलून मधल्या रांगेत, मागे तोंड करता येईल अशी. थांबा आला की त्या पुढे जातात, मुलं उतरली की परत. त्यांनी कुरकुर केली, कारण चालत्या बसमध्ये उठणं-बसणं गुडघ्यांना जड जातं. ती कुरकुर रास्त होती. समितीच्या बैठकीत ठेकेदाराने दोन मोठ्या थांब्यांवर बसकाकांनी दार स्वतः पाहायचं कबूल केलं.

तिघांच्या पालकांना वेगवेगळं बोलावलं. पुढाऱ्याला दोन आठवडे बस बंद झाली. त्याचे वडील आधी फार तापले होते. “आमच्याही वेळी असंच होतं” म्हणाले. आणि बोलता बोलता निघालं की त्यांचा मुलगा तिसरी-चौथीत असताना त्याच बसमध्ये त्याचा डबा जायचा. ‘दंड’ हा शब्दही तेव्हाचाच. म्हणजे मागची सीट आणि दंडाची वसुली, दोन्ही त्याला वरच्यांकडून वारशाने मिळाली होती. याने त्याचं करणं माफ होत नाही, पण आसनक्रमांक चिकटवण्याचा निर्णय किती योग्य होता ते कळतं. मुलगा बदलला असता तरी सीट तशीच राहिली असती.

लेखी उत्तर सातव्या नाही, अकराव्या दिवशी आलं. ते आलंच नसतं तर पुढची पायरी शिक्षणाधिकाऱ्यांची, मुंबई असेल तर शिक्षण निरीक्षकांची होती. मदतनीसच नसता तर आरटीओचीही. तिथेही कामाला आली असती ती पोच.

सगळं जादूसारखं संपलं असं नाही. बसमधला त्रास थांबला, नाव मात्र मागे राहिलं. ते आता बसच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी ऐकू यायचं. बाई पुन्हा माझ्याकडे आल्या. या वेळी फोन हातात नव्हता, कागद होता, आणि मला त्यात एक शब्दही बदलावा लागला नाही :

*आपल्या ४ ऑगस्टच्या पत्रासाठी आभारी आहे. बसमधील त्रास थांबला आहे. बुधवार, २० ऑगस्ट रोजी दुपारी १ वाजून ५ मिनिटांनी फाटकाजवळील रांगेत दोन विद्यार्थ्यांनी माझ्या मुलाला पुन्हा त्याच नावाने हाक मारली. मी तेथे उभी होते व स्वतः ऐकले. रांगेजवळ त्या वेळी कोणी शिक्षक नव्हते. परतीच्या रांगेसाठी एका शिक्षकाची पाळी लावावी, ही विनंती.*